पित्त पडून राह्यलं

आमच्या ऑफिसात बढती दोन प्रकारची असायची. एक सरकार द्यायचं, तिला पंधरा-पंधरा वर्षं लागायची. दुसरी पोट द्यायचं, आणि ती तीन वर्षांत हमखास मिळायची. नवा कारकून रुजू झाला की पहिल्या वर्षी त्याची छाती जळायची, दुसऱ्या वर्षी करपट ढेकर सुरू व्हायचे, आणि तिसऱ्या वर्षी तो छातीवर मूठ चोळत सांगायचा, "मले ॲसिडिटी आहे ना बाप्पा." हे तो अशा थाटात सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, याला आता लाल दिव्याची गाडीही मिळणार.

गोष्ट नव्वदीच्या दशकातली. ऑफिस गडचिरोलीत, आणि आम्ही सात-आठ जण राहणारे चंद्रपूरचे. आमच्यासारख्यांना तिकडे अपडाऊनवाले म्हणतात. बदली गडचिरोलीला झाली म्हणून काय घर हलवायचं? पोरांच्या शाळा आहेत, सासू आहे, आणि जंगलात कोण राहते, असा एकूण सूर. सकाळी सातची एसटी, मूल, सावली ही गावं करत, वैनगंगेचा पूल ओलांडून पावणेदहाला गडचिरोली. संध्याकाळी सहाची परत. घरी पोचायला साडेआठ-नऊ. त्यात आंघोळ, त्यात टीव्ही, म्हणजे जेवायला साडेदहा. जेवून पाठ टेकली की दिवस संपला, आणि घशाशी आंबट पाणी यायला सुरुवात झाली. मग उशाला दोन उशा. तरी नाही भागलं तर तीन. आमच्यातला एक जण तर बसूनच झोपायचा, आणि बायकोला सांगायचा की ऑफिसातही मला असंच जमते.

मी त्यांच्यात एकटीच बाई. पुरुषांना हसायला मी पहिली असायचे, पण माझा स्वतःचा कारभार काही वेगळा नव्हता. पहाटे साडेचारला उठून तीन डबे भरायचे, चौथा माझा. सगळ्यांच्या पोटात काही ना काही ढकलायचं, आणि स्वतः कपभर चहा उभ्या-उभ्या नरड्यात ओतून धावत स्टँड गाठायचा. सोमवार, गुरुवार, चतुर्थी असे उपवास वेगळे. उपवासाच्या दिवशी तर मला अभिमानच वाटायचा. देवही खूश आणि एक डबा कमी.

सातला निघालेली गाडी सव्वाआठच्या सुमाराला मूलला थांबायची. तिथे स्टँडसमोरच्या टपरीवर आमचा खरा सोहळा. त्याचे पुरोहित आमचे बडे बाबू. बडे बाबू म्हणजे हेडक्लार्क, वय पन्नासच्या पुढे, अंगाने काटक, आवाजाने ढोल. टपरीवाल्याला लांबूनच हाक, "डबल पत्ती मार, भाऊ! दूध नावाला!" मग तो चहा असा उकळायचा की ग्लासात काळसर लाल रंग यायचा आणि जिभेवर तुरट पुटं चढायची. कोणी त्याच टपरीवरचे गरम पोहे मागवायला लागला की बडे बाबू त्याच्याकडे असं बघायचे, जसं लग्नात जेवणाची पंगत सोडून मंडपाचे बांबू चोरणाऱ्याकडे बघावं.

"सकाळी सकाळी खाऊन राह्यला? मग काम कवा करशील? पोट भरलं की डोकं झोपते."

हे त्यांचं तत्त्वज्ञान. त्यांचा पहिला घास दुपारी दोनला. तोपर्यंत चार चहा व्हायचे, चारही कडक, चारही रिकाम्या पोटी. साहेबांच्या केबिनमधला एक, तो धरला तर पाच.

ऑफिसात या तत्त्वज्ञानाला न मानणारा एकच माणूस होता, आमचा शिपाई. जवळच्याच खेड्यातला, घरची धानाची शेती. सायकलवर यायचा, आणि आठ वाजता ताटभर भात, वरण आणि रात्रीची भाजी खाऊन यायचा. त्याची काय थट्टा चालायची! "काय भाऊ, किती पायली दाबून आला?" "बांध्या नांगरायच्या आहेत काय इथी?" तो बिचारा हसायचा. "भूक लागते जी," म्हणायचा. भूक लागते, हे कारण आमच्या ऑफिसात कोणालाच पटायचं नाही.

आता औषधांविषयी. प्रत्येकाचा इलाज ठरलेला. एक जण थर्मासात थंड दूध आणायचा. दूध पोटात गेलं की अर्धा तास शांत, मग पुन्हा जळजळ, मग पुन्हा दूध, असा त्याचा दिवस कडेला लागायचा. दुसरा लिंबात खायचा सोडा टाकून तो फसफसणारा पेला सगळ्यांसमोर एका दमात प्यायचा. मग आम्ही वाट बघायचो. ढेकर आला की टाळ्याच वाजवायच्या बाकी. "निघाला!" असं कोणीतरी ओरडायचं, जणू त्याचा एरिअरच निघाला. तिसऱ्याला डॉक्टरांनी सांगितलं होतं की दर तीन तासांनी काहीतरी खा. त्यानं दर तीन तासांनी चहाबरोबर एक बिस्किट खायला घेतलं आणि डॉक्टरला काही समजत नाही असं सर्वांना सांगत फिरला.

आणि या सगळ्यांची वैदू मी.

माझ्या टेबलाचे दोन खण होते. डाव्या खणात छातीत जळजळ झाली की चघळायच्या गुलाबी गोळ्या, उजव्या खणात डोकेदुखीच्या पांढऱ्या. दोन्ही स्टँडजवळच्या मेडिकलमधून पाकीटच्या पाकीट आणायचे. सुरुवात माझ्या स्वतःच्या डोक्यापासून झाली. रोज अकराच्या सुमाराला माझं डोकं ठणकायचं. ते का ठणकते, हे विचारायला मला सवड नव्हती. पोटात पहाटेच्या चहाशिवाय काही नाही, झोप पाच तास, वर एसटीचे हादरे. पण मी गोळी टाकायची आणि कामाला लागायची. एक दिवस बाजूच्यानं मागितली. मग त्याच्या बाजूच्यानं. वर्षभरात अर्धं ऑफिस माझ्या टेबलाशी.

खरं सांगते, मला ते आवडायचं. माझ्याकडे फायली घेऊन येताना तोंड वाकडं करणारे लोक गोळी मागताना कसे लोण्यासारखे मऊ व्हायचे! "मॅडम, एक द्या ना." मी मुद्दाम खण हळू उघडायची. पांढरी गोळी घेतली की डोकं उतरायचं आणि तासाभरात छाती पेटायची. मग तोच माणूस परत यायचा, आता गुलाबीसाठी. मी तीही द्यायची. एका हातानं आग लावत होते आणि दुसऱ्या हातानं पाणी मारत होते, आणि दोन्हीकडून धन्यवाद घेत होते. इतकी अक्कल मात्र मला आली नाही की या दोन खणांचा आपसात काही संबंध असेल.

बडे बाबू माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्या मे महिन्यात चंद्रपूरचं ऊन तुम्हाला काय सांगू! सकाळी सात वाजताच एसटीच्या खिडकीचा गज हात लावू द्यायचा नाही. बडे बाबूंचं डोकं रोज दुखायला लागलं. मूलच्या चहाबरोबर एक पांढरी, अकराला एक, आणि परतीच्या प्रवासाला म्हणून कागदात बांधून एक. कधी कधी पोटात, बेंबीच्या वर, दुखते म्हणायचे. काही खाल्लं की थोडं बरं वाटते, असंही म्हणायचे. पण खायचे काही नाही, चहाच प्यायचे. मी दटावायची, "बडे बाबू, आज तीन झाल्या." ते म्हणायचे, "मॅडम, तुमच्या हाताले यश आहे. डॉक्टरच्या बापाले जमत नाई ते तुम्ही करून राह्यल्या." झालं. मी चौथी काढून द्यायची.

एक दिवस कपाटाच्या पलीकडे पुरुष मंडळींची कुजबुज चालली होती. बडे बाबूंची कुजबुजही अलीकडच्या खोलीपर्यंत यायची, त्यामुळे मला न ऐकण्याची सोयच नव्हती.

"चार दिवस झाले, संडास काळीकुट्ट होऊन राह्यली. डांबर पाहा, तसं. चिकट. आन् वास तर असा का विचारू नका."

मग आमचा लिंबू-सोडावाला म्हणाला, "अरे मंग चांगलंच आहे ना! पित्त पडून राह्यलं ते!"

"हाव ना. मलेही तेच वाटलं."

"आतलं सारं जळकं निघून राह्यलं. आता पाहा, कसे मोकळे होता!"

थर्मासातल्या दूधवाल्यानं तर हेवा केला. "आमचं काऊन पडत नाई बाप्पा?" त्या दिवशी बडे बाबूंच्या पित्ताच्या नावानं सगळ्यांना चहा झाला. आणि मी? मी खण नीट लावता लावता मनाशी म्हटलं, बघ, आपल्या गोळ्यांचा गुण. मला आनंद झाला होता. ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

मोकळे व्हायच्या ऐवजी बडे बाबू पांढरे पडायला लागले. चेहरा कोऱ्या कागदासारखा. ऑफिसच्या चौदा पायऱ्या चढताना मधे दोनदा थांबायचे, कठड्याला धरून धापा टाकायचे. आम्ही निदान केलं: ऊन लागलं. कोणी खिशात कांदा ठेवायला दिला, कोणी पन्हं पाजलं, कोणी म्हणालं टोपी घाला. सरकारी ऑफिसात निदान करायला समिती लागत नाही. सगळे एकमतानं चुकतात.

त्याच आठवड्यात, दुपारी बाराच्या सुमाराला, बडे बाबू साहेबांची फाईल घेऊन उठले आणि उभ्या-उभ्या खाली बसले. म्हणजे बसलेही नाहीत, पाय दुमडले आणि भिंतीला घासत खाली आले. फाईल छातीशी तशीच. अंगाला गार घाम. मी मनगट धरलं तर नाडी पळत होती, आणि इतकी बारीक की सापडायलाच वेळ लागला. कोणी म्हणालं कांदा हुंगवा. शिपाई म्हणाला, "कांदा जाऊ द्या जी, जीप काढा." तेवढ्या वेळात त्या ऑफिसात एकच शहाणं वाक्य बोललं गेलं, ते हे.

सरकारी दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. त्यांनी बडे बाबूंच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, आत काहीच लाल नव्हतं. पोट दाबलं, नाडी पाहिली, ब्लडप्रेशर मोजलं, आणि एकदम नर्सला सलाईनसाठी हाक मारली. मग विचारलं, "शौचाला कशी होते?"

सोडावालाही जीपमधून आला होता. तो अभिमानानं म्हणाला, "काळी, साहेब. पित्त पडून राह्यलं त्याईचं."

डॉक्टर त्याच्याकडे बघतच राहिले. "हे पित्त नाही. रक्त आहे. पोटात जखम झाली की रक्त आतच वाहते. ते पचून खाली येते तेव्हा काळं होते. तुम्ही सगळे पाहत बसला होता?"

डॉक्टरांनी विचारलं, किती दिवसांपासून? बडे बाबू बारीक आवाजात म्हणाले, ऑफिसात सांगितलं तवा चार दिवस झाले होते, मंग हे दोन-तीन. लोहाच्या गोळ्या घेता, त्यांनीही काळी होते? नाही. दुसऱ्या कोणत्या? "डोक्याच्या. रोज तीन. कवा चार."

"जेवून?"

"नाई. चहासंगं."

डॉक्टरांनी डोक्याला हात लावला. "रिकाम्या पोटी! वर कडक चहा! अहो, आधीच आम्ल खवळलेलं, त्यात ही गोळी पोटाचं आतलं अस्तर खाते. अशा जखमेला आणखीही कारणं असतात, ती नागपूरला दुर्बीण घालून पाहतील. पण तुम्ही तर जखमेला रोज खतपाणी घातलं. कोणी दिल्या या गोळ्या?"

माझ्या कानात नुसती शिट्टी वाजायला लागली. मी तोंड उघडलं होतं, देवाशपथ उघडलं होतं. पण त्याआधी खाटेवरून आवाज आला, "मेडिकलमधून घेतल्या." बडे बाबूंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या अवस्थेतही माणूस मला पाठीशी घालत होता. आणि मी तोंड बंद केलं. हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सोपं गप्प बसणं, आणि सगळ्यात लाजिरवाणं.

रक्त लागणार होतं. ऑफिसात फोन गेला आणि सगळी मंडळी धावत आली, हे मान्य केलंच पाहिजे. बडे बाबूंसाठी बाह्या वर करून रांगेत उभे राहिले. रक्त घेणाऱ्या बाईनं पहिल्याला विचारलं, "सकाळपासून काय खाल्लं?"

"चहा."

"चहा खात नाहीत. खाल्लं काय?"

"काही नाई."

पुढचा? चहा. त्याच्या पुढचा? चहा, आणि एक बिस्किट. साहेबांनी फिक्का चहा घेतला होता, साखर नाही, दूध नाही. दुपारचा एक वाजला होता आणि एका सबंध ऑफिसच्या पोटात घासभर अन्न नव्हतं. बाई भडकली. "उपाशी पोटी रक्त काढलं तर तुम्हीच आडवे व्हाल. मी एकाला वाचवू का आठांना? जा, आधी खाऊन या!" एरवी एका चिठ्ठीवर जिल्हा हलवणारे आमचे बाबू गेटसमोरच्या गाडीवर ओळीनं उभं राहून पोहे कोंबायला लागले. कोणाला ठसका लागला, कोणाच्या डोळ्यांत पाणी. सवयीनं एकानं चहाही मागितला, तर साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पोह्यांच्या द्रोणात तोंड घालून बसला.

त्या वेळेला शिपाई आत आडवा पडून मूठ उघडत-मिटत होता. त्याचा गट जुळला होता आणि त्याच्या पोटात सकाळचा भात होता. पहिली बाटली त्याची चढली. बाटली सुरू झाली आणि संध्याकाळपर्यंत बडे बाबूंच्या ओठांना थोडा रंग आला. ते वाचले, हे इथेच सांगून टाकते. मरणाच्या नावानं तुमचा जीव टांगून ठेवायचा मला शौक नाही. नागपूरला त्यांच्या पोटात जखम सापडली, औषधं झाली, आणि पुढे ते रीतसर निवृत्तही झाले.

पण त्या संध्याकाळी हे काही माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, रक्त पुन्हा वाहिलं नाही तर सकाळी नागपूरला हलवू. वहिनी, म्हणजे बडे बाबूंची बायको, शेजाऱ्यांकडे निरोपाचा फोन आल्यावर दुपारची एसटी धरून आली होती. साधी, बुटकी बाई. हातात पिशवी, पिशवीत नवऱ्याचा टॉवेल आणि पाण्याचा तांब्या. डॉक्टरांनी तिलाही आत बोलावून काय काय विचारलं. मग ती बाहेर येऊन माझ्या शेजारी बाकावर बसली.

तिनं माझा हात धरला. "बाई, तुमचे उपकार आहेत. हे घरी नेहमी सांगत, ऑफिसात मॅडम आहे म्हणून माह्यं डोकं ठिकाणावर राह्यते. मॅडमच्या गोळीनं लगेच उतरते म्हणत."

मला ते सहन झालं नाही. डॉक्टरांच्या शिव्या परवडल्या असत्या. मी म्हटलं, "वहिनी, त्या गोळ्यांनीच हे झालं आहे. मेडिकलवाल्यानं नाही दिल्या, मी दिल्या. रोज दिल्या. ते खोटं बोलले माझ्यासाठी, आणि मी बोलू दिलं."

मला वाटलं, ती हात सोडेल. सोडायलाच पाहिजे होता. तिनं सोडला नाही. समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

"डॉक्टरनं मले विचारलं," ती म्हणाली, "काळी कवापासून होऊन राह्यली? मी म्हटलं, हे म्हणतात तेच. हप्ताभर."

"हो. त्यांनी तेवढंच सांगितलं."

"पंधरा दिवस झाले, बाई. ते कायले पाहते? अंधाराचा संडास, उठले का गेले. संडास मीच धुते ना. मले पहिल्या दिवशीच दिसलं." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "माही माय म्हणायची, काळं पडलं का पित्त गेलं. मी खूश झाली. आठ दिवस बोलली नाई, का नजर लागते म्हणून. मंग मीच त्याईले सांगितलं, पाहा, पित्त पडून राह्यलं, पडू द्या. ते ऑफिसात जाऊन तेच बोलले असतील."

मी मोकळ्या हातानं तिच्या पिशवीतला तांब्या काढून तिच्यापुढे धरला.

"तुमचं तुम्ही मले सांगितलं," ती म्हणाली. "माह्यं मी कोणाले सांगू?"

मी म्हटलं, "मला सांगितलं ना." त्यावर ती पदर तोंडात कोंबून रडायला लागली, आणि मग मीही रडले.